आठ किलो पनीर गेलं कुठे?

शनिवारी रात्री हॉटेलच्या बाहेर पाऊण तास वेटिंग असतं. आपण चिठ्ठीवर नाव लिहून पायरीवर उभे असतो, आत टेबलं खचाखच भरलेली दिसतात आणि मनात एकच विचार येतो : हा मालक काय जाम कमावत असेल, राव! गंमत म्हणजे त्याच वेळी गल्ल्यावर बसलेला तो मालक महिनाअखेरीचे आकडे बघून डोकं खाजवत असतो. विक्री झकास, गर्दी झकास, आणि हातात उरतं ते भलतंच कमी. पैसे जातात कुठे?

या प्रश्नाला हॉटेलवाल्यांच्या जगात एक सॉलिड उत्तर आहे. म्हणजे उत्तर नव्हे, उत्तर शोधायची पद्धत. तुम्ही जे विकलं त्याला किती माल लागायला हवा होता, ते आधी कागदावर काढायचं. मग किती माल खरोखर संपला, ते वजनकाट्यावर काढायचं. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे 'व्हेरिअन्स'. एवढाच फंडा. ऐकायला पाचवीतलं गणित वाटतं, पण ते सोडवताना कुणाची तरी नोकरी टांगणीला लागलेली असू शकते. पुण्यातल्या ज्या किचनमध्ये मी ते सुटताना पाहिलं, तिथे लागलेली होती.

हॉटेल साठ खुर्च्यांचं. व्हेज-नॉनव्हेज, पंजाबी आणि थोडं चायनीज, म्हणजे आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर असतं तसंच. मालक तिशीतला, आयटीतला पगार सोडून या धंद्यात उतरलेला. सगळे त्याला दादा म्हणतात, आपणही तेच म्हणू. दादाला एक दिवस लक्षात आलं की पनीर फार लागतंय. त्याच सुमारास तंदूरवरचा हेल्पर, वीस-एकवीसचा पोरगा, रात्री उशिरा पिशवी घेऊन जाताना त्याला दोनदा दिसला. दादाच्या डोक्यात दोन अधिक दोन झाले. 'सोमवारी हिशेब करून टाकतो त्याचा,' असं त्याने ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. मॅडम पूर्वी एका मोठ्या हॉटेलच्या कंट्रोल डिपार्टमेंटला होत्या, आता लहान हॉटेलांचा हिशेब लावून देतात. त्या दादाला म्हणाल्या, "पोराला सोमवारी काढा नाहीतर मंगळवारी. पण त्याआधी मला एक आठवडा द्या. किती गेलं तेच तुम्हाला माहीत नाही, मग कुणी नेलं ते कसं माहीत?"

आधी खरं किती संपलं?

पहिला आकडा सोपा. रविवारी रात्री किचन बंद झाल्यावर जेवढं पनीर शिल्लक होतं ते मोजलं : साडेदहा किलो. हा ओपनिंग स्टॉक. पुढच्या आठवड्यात डेअरीकडून आलेल्या मालाची बिलं लावली : पाच-पाच किलोच्या १२ पिशव्या, म्हणजे ६० किलो. पुढच्या रविवारी रात्री पुन्हा मोजलं : साडेसहा किलो. हा क्लोजिंग.

ओपनिंग अधिक खरेदी वजा क्लोजिंग. साडेदहा अधिक साठ, वजा साडेसहा. उत्तर ६४ किलो. एवढं पनीर आठवड्यात त्या किचनमधून गेलं.

मोजणी सोपी दिसते, पण बहुतेक ठिकाणी पहिला लोच्या इथेच होतो. मोजायचं ते शेवटची ऑर्डर निघाल्यावर आणि सकाळची डिलिव्हरी यायच्या आधी. दुपारी मोजलंत तर अर्धा माल चुलीवर असतो आणि अर्धा कागदावर. दुसरं म्हणजे फ्रीजमध्ये पांढरं दिसतं तेवढंच पनीर नसतं. तंदूरच्या फ्रीजमध्ये दह्या-मसाल्यात मुरत ठेवलेला टिक्का असतो, तोही पनीरच आहे. मॅडमनी त्या टोपातले तुकडे मोजून घेतले आणि त्यातलं पनीर क्लोजिंगमध्ये धरलं. तो टोप विसरला असता तर या आठवड्यात पनीर जास्त संपल्यासारखं दिसलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात तेच पनीर आकाशातून पडल्यासारखं परत आलं असतं. म्हणून एका आठवड्याला फरक खूप वर आणि पुढच्या आठवड्याला तेवढाच खाली असं दिसलं, तर चोर शोधू नका. मोजणाऱ्याला शोधा.

मग किती संपायला हवं होतं?

दुसऱ्या आकड्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, कुठली डिश किती विकली गेली, जे बिलिंगच्या मशीनमधून निघतं. दोन, एका प्लेटला किती ग्रॅम पनीर पडतं, जे रेसिपी कार्डावर असतं. दादाकडे कार्डं होती. उद्घाटनाच्या वेळी शेफने बनवून दिलेली, लॅमिनेट केलेली आणि त्यानंतर कुणीही न वाचलेली.

आठवड्याची विक्री अशी निघाली : पनीर बटर मसाला १६० प्लेट, प्लेटला १२० ग्रॅम, म्हणजे १९ किलो २०० ग्रॅम. पालक पनीर ९० प्लेट, तेवढंच पनीर, म्हणजे १० किलो ८०० ग्रॅम. पनीर टिक्का १२० प्लेट, प्रत्येकी तीस ग्रॅमचे सहा तुकडे, म्हणजे १८० ग्रॅम. एकूण २१ किलो ६०० ग्रॅम. आणि चिली पनीर ४० प्लेट, प्लेटला ११० ग्रॅम, म्हणजे ४ किलो ४०० ग्रॅम.

बेरीज ५६ किलो.

संपायला हवं होतं ५६, संपलं ६४. आठ किलोचा खड्डा, म्हणजे चौदा टक्क्यांहून जास्त. दादाला डेअरी किलोला ३४० रुपये लावते. आठवड्याला २,७२० रुपये, आणि वर्षभर असंच चाललं तर १ लाख ४१ हजार. तेही एकट्या पनीरमध्ये! दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "बघा, म्हटलं नव्हतं?" असं तो म्हणालाच, आणि त्याची नजर तंदूरकडे गेली.

मॅडम शांत. त्यांचा नियम असा की फरक दिसला की पहिला संशय माणसावर नाही घ्यायचा, कागदावर घ्यायचा. ५६ हा आकडा कोणी देवाने दिलेला नाही. तो आपणच काढलाय, आणि त्यात काय काय राहिलं असेल ते आधी बघायचं.

बिलात नसलेली पार्टी

राहिलं होतं बरंच. शनिवारी वरच्या हॉलमध्ये पंचवीस जणांचा एक वाढदिवस झाला होता. पार्टीचं बिल मशीनमध्ये कसं मारलं होतं? 'पार्टी पॅकेज, पंचवीस जण', बस. माणशी दर, खाली एकूण रक्कम. त्या पॅकेजला कुठलंच रेसिपी कार्ड जोडलेलं नव्हतं, म्हणजे मशीनच्या दृष्टीने त्या पंचवीस जणांनी हवा खाल्ली. प्रत्यक्षात स्टार्टरला पनीर टिक्का फिरत होता. किचनमधल्या पार्टीच्या ऑर्डरच्या कागदावर तीन किलो पनीर स्पष्ट लिहिलेलं सापडलं.

म्हणजे आठातले तीन किलो वाया गेले नव्हते की चोरीला गेले नव्हते. ते चक्क विकले गेले होते आणि त्यांचे पैसेही गल्ल्यात आले होते. संपायला हवं होतं ५६ नाही, ५९.

पुढे स्टाफ मील. प्रत्येक हॉटेलात पोरांना दोन वेळचं जेवण असतं, आणि त्या जेवणाचं बिल होत नाही. त्या आठवड्यात दोनदा पनीर भुर्जी झाली होती. टिक्क्याचे चौकोनी तुकडे काढताना लादीच्या कडा आणि चुरा उरतो, तो एका डब्यात साठवतात. त्याची भुर्जी, एकूण दीड किलोची. इथे मॅडमनी एक बारीक गोष्ट दाखवली. कडांचा चुरा वेगळा 'वेस्टेज' म्हणून धरायचा आणि भुर्जी पुन्हा वेगळी धरायची, असं केलं तर एकच पनीर दोनदा मोजलं जातं आणि हिशेब खोटा पण सुंदर जुळतो. म्हणून चुरा भुर्जीतच धरला.

स्टाफचं जेवण म्हणजे नुकसान नव्हे, तो खर्चच आहे. फक्त तो कुठेतरी लिहिलेला हवा. मोठ्या हॉटेलांत त्यासाठी एनसी केओटी फाडतात. किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीला केओटी म्हणतात, आणि जिचे पैसे लावायचे नाहीत ती एनसी. स्टाफ मील, मालकाच्या पाहुण्यांना फुकट पाठवलेलं स्टार्टर, करपलं म्हणून परत आलेली आणि पुन्हा बनवलेली प्लेट, हे सगळं एनसीवर जातं. दादाकडे एनसीचं पुस्तक होतं, पण कोरं.

तर तीन आणि दीड, साडेचार किलोंचा पत्ता लागला. साडेतीन उरले. आठवड्याभरापूर्वीचा चौदा टक्क्यांचा बागुलबुवा सहा टक्क्यांच्या आत आला होता, आणि अजून कुणी वजनकाट्याला हातही लावला नव्हता.

पाण्याचे पैसे

आता काटा आला. पुढच्या आठवड्यात मॅडमनी मागच्या दारापासून सुरुवात केली. माल आत येतो ते दार.

सकाळी आठला डेअरीचा पोरगा बाइकवरून येतो. स्टोअर सांभाळणारे मामा पिशव्या मोजतात, चलनावर सही करतात, पोरगा सुसाट निघतो. पिशवीवर पाच किलो लिहिलेलं असतं आणि स्टोअरच्या वहीतही पाच किलोच चढतं. त्या दिवशी मॅडमनी मामांना सांगितलं की पिशवी फोडा, पनीर जाळीच्या ट्रेमध्ये दहा मिनिटं ठेवा आणि मग काट्यावर घ्या. मामा जरा नाराजच झाले. "अहो मॅडम, इतकी वर्षं घेतोय माल. डेअरीवाला घरचाच आहे."

काटा ४ किलो ८५० ग्रॅमच्या आसपास थांबला. दुसरी पिशवी, जवळपास तेच. सहा पिशव्या झाल्या, सरासरी १५० ग्रॅम कमी. पिशवीत पनीरला सुटलेलं पाणी होतं आणि डेअरीने ते पनीरच्या भावाने विकलं होतं. यात डेअरीची लबाडीच असेल असं नाही. ताजं पनीर पाणी सोडतंच. प्रश्न एवढाच की ते पाणी कुणाच्या खात्यावर जायचं. वहीत पाच किलो चढवलं की ते तुमच्या खात्यावर जातं, आणि मग रविवारी रात्री 'वापरलं गेलं' म्हणून दिसतं.

१२ पिशव्या, प्रत्येकी १५० ग्रॅम : १ किलो ८०० ग्रॅम. हे पनीर कुणी चोरलं नाही, वाया घालवलं नाही, जास्त वाढलं नाही. ते हॉटेलात आलंच नव्हतं!

हीच गंमत मासळीत आणखी मोठी होते. अख्खी सुरमई विकत घेता तेव्हा डोकं-शेपटी-पोटातलं धरून वजनाचे पैसे देता. रेसिपी कार्डावर मात्र साफ केलेल्या तुकड्याचं वजन असतं. समजा दहा किलोच्या मासळीतून सात किलो तुकडे निघत असतील आणि हिशेबात ते गुणोत्तर धरलंच नाही, तर दर आठवड्याला तीन किलो सुरमई 'गायब' दिसणार. खरेदी ज्या वजनात आणि कार्ड ज्या वजनात, ती दोन्ही एका मापावर आणल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

उस्तादांचा हात

साडेतीनातून एक किलो आठशे गेले. उरलं १ किलो ७०० ग्रॅम. आता पाळी प्लेटची.

ग्रेव्हीच्या डिशेसमध्ये काही सापडलं नाही. तिथे तुकडे आधीच स्टीलच्या वाट्यांत भरून ठेवायची पद्धत होती, आणि वाट्या काट्यावर घेतल्या तर १२० ग्रॅमच्या आसपासच भरल्या. तंदूरवर मात्र कारभार वेगळा. तिथले उस्ताद वीस वर्षं भट्टीसमोर उभे आहेत, लादी समोर आली की सुरी आपोआप चालते. मॅडमनी काट्याचा विषय काढला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "मेरा हाथ ही तराजू है, मॅडम."

तराजू खरंच होता. वीस तुकडे एकेक करून मोजले, आणि सगळे एकमेकांच्या इतके जवळ की थक्क व्हावं. फक्त तो तराजू तीसवर नाही, बत्तीसवर लावलेला होता. एका तुकड्याला दोन ग्रॅम, प्लेटला बारा ग्रॅम, १२० प्लेटला १ किलो ४४० ग्रॅम.

आता हा 'निष्काळजीपणा' म्हणायचा का? मॅडमनी विचारलं तर उस्तादांकडे कारण तयार होतं, आणि ते अगदी खरं होतं. बारीक तुकडा सळईवर चढवताना चिरतो, भट्टीत निम्म्यात तुटून निखाऱ्यात पडतो. मग अख्खी सळई पुन्हा लावा. म्हणून ते किंचित जाड कापतात. लॅमिनेट केलेलं कार्ड लिहिणाऱ्या शेफने बहुधा वजन लिहिलं होतं, तंदूर लावला नव्हता. म्हणजे इथे चूक हाताची नव्हती, कार्डाची होती.

दादासमोर दोन रस्ते होते. एक, प्लेटला पाचच तुकडे, छत्तीस ग्रॅमचे. पनीर तेच १८० ग्रॅम आणि तुकडा आणखी दणकट. पण टिक्का माणसं वाटून खातात, आणि दोघांच्यात पाच तुकडे आले की पाचव्यावरून प्रेमविवाह मोडतात. दुसरा रस्ता, सहा तुकडे तसेच ठेवायचे, कार्डावर १९२ ग्रॅम लिहायचं आणि पुढच्या मेनू कार्डात किंमत बदलायची. बारा ग्रॅम पनीर म्हणजे चार रुपये. दादाने दुसरा रस्ता धरला आणि दहा रुपये वाढवले. (हॉटेलवाला शेवटी हॉटेलवालाच!)

उरलं ते २६० ग्रॅम

१ किलो ७०० मधून १ किलो ४४० गेले. उरले २६० ग्रॅम. सुरीला चिकटलेलं, जमिनीवर पडलेलं, काट्याची पाच-दहा ग्रॅमची चूक, मोजताना राहिलेला एखादा तुकडा. ५९ किलोच्या हिशेबात एवढं चालतं. हे शून्यावर आणायचा हट्ट धरलात तर पनीरपेक्षा मोजणाऱ्याचा पगार महाग पडेल.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. पाण्याचे १५० ग्रॅम आणि तुकड्याचे दोन ग्रॅम हे दुसऱ्या आठवड्यात मोजलेले आहेत आणि पहिल्या आठवड्याला लावलेले आहेत. म्हणजे हा न्यायालयातला पुरावा नव्हे, तर्क आहे. तो बरोबर आहे का, हे कसं कळणार? त्यासाठी मॅडमनी दुसऱ्या आठवड्यात पनीर रोज रात्री मोजायला लावलं. दहा मिनिटांचं काम. सात रात्रींचे सात फरक समोर आले, आणि त्यांनी दादाला ते टिक्क्याच्या रोजच्या विक्रीशेजारी ठेवून दाखवले. टिक्का जास्त खपला त्या रात्री फरक जास्त, मंगळवारी टिक्का कमी तर फरकही कमी.

यामागचं लॉजिक भन्नाट आहे, कारण प्रत्येक गळतीची स्वतःची चाल असते. वाढण्यात चूक असेल तर फरक विक्रीबरोबर वर-खाली होतो. माल घेताना चूक असेल तर तो पिशव्यांच्या संख्येबरोबर चालतो, विक्री कितीही असो. मोजण्यात चूक असेल तर एका आठवड्याला जास्त आणि पुढच्याला उणे. आणि कुणी उचलत असेल, तर तो ग्रॅममध्ये उचलत नाही. पूर्ण पाकीट, पूर्ण बाटली, आख्खा किलो जातो, बहुतेक वेळा ठरावीक शिफ्टला, आणि त्या दिवशी गिऱ्हाईक किती होतं याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.

पनीरच्या सात आकड्यांत असं एकही उडी मारणारं काही नव्हतं. तो पोरगा सातही रात्री कामावर होता. त्याच्या पिशवीत काय असायचं ते मला माहीत नाही, आणि खरं तर तो कुणाचा धंदाही नाही. २६० ग्रॅममधला एखादा तुकडा कुणी तोंडात टाकलाच नसेल असं हा हिशेब सांगू शकत नाही. पण आठ किलो पनीर पिशवीतून घरी गेलं नव्हतं, एवढं तो छातीठोक सांगतो. सोमवार आला आणि गेला, पोरगा अजून तंदूरवरच आहे. त्याच्या नोकरीचा निकाल एका वजनकाट्यावर लागला, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

फरक उणे आला तर?

आता तुमच्या-माझ्यासाठी, म्हणजे टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्यांसाठी, या गणिताची एक बाजू फार महत्त्वाची आहे. समजा फरक उलटा आला. लागायला हवं होतं ५९ किलो आणि संपलं ५५. मालक खूश होईल, 'बचत' झाली म्हणून. मॅडम म्हणतात, असा आकडा बघून त्यांच्या पोटात जास्त गोळा येतो.

कारण पनीर आपोआप वाढत नाही. एक तर कुठलं तरी खरेदीचं बिल वहीत चढायचं राहिलंय. नाहीतर क्लोजिंग जास्त मोजलंय. आणि ही दोन्ही कारणं नसतील, तर प्लेटमध्ये कार्डापेक्षा कमी पडतंय. म्हणजे तुम्ही १२० ग्रॅमचे पैसे देताय आणि शंभर ग्रॅम खाताय. काही ठिकाणी वरून 'फूड कॉस्ट कमी करा' असं टेन्शन आलं की किचन हाच शॉर्टकट मारतं. महिनाअखेरीला आकडे छान दिसतात. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, नुसतं पुन्हा येत नाही. त्या न येण्याचा आकडा कुठल्याच मशीनमधून निघत नाही.

म्हणून चांगला कंट्रोलर शून्याच्या दोन्ही बाजूंना बघतो. नुसता 'जास्त संपलं' यावर ओरडणारा मालक आपल्याच किचनला कमी वाढायला शिकवत असतो.

दोनशे वस्तू, दहाच मोजा

दादाला एवढा जोश चढला की तो कोथिंबीर मोजायला निघाला होता. मॅडमनी त्याला आवरलं. एका किचनमध्ये शे-दोनशे वस्तू सहज असतात. मीठ, जिरं, कोथिंबीर यांचा ग्रॅमवार हिशेब मांडला तर स्टोअरचे मामा राजीनामा देतील आणि हाती दोनशे रुपयेही लागणार नाहीत. त्यांनी त्याला खर्चाच्या क्रमाने यादी काढायला लावली आणि वरच्या दहा वस्तूंखाली रेघ मारली : चिकन, पनीर, मटण, कोळंबी, सुरमई, लोणी, क्रीम, काजू, तेल, बासमती. आठवड्याच्या मोजणीत फक्त याच. बाकीचं महिन्यातून एकदा.

त्यातही तेल जरा वेगळं. ते कढईत तळताना उरतं, पुन्हा वापरलं जातं, शेवटी टाकलं जातं. प्लेटला किती तेल लागलं हे कार्डावर नीट लिहिताच येत नाही, म्हणून तिथे प्लेटमागे नाही, आठवड्याच्या एकूण तळणाशी तुलना करायची. प्रत्येक वस्तूला एकच फुटपट्टी लावली की हिशेब कागदावर देखणा होतो आणि कामाचा राहत नाही.

दादाच्या हॉटेलात आता तीन गोष्टी बदलल्यात. मागच्या दारी जाळीचा ट्रे आणि काटा आहे, आणि डेअरी पाणी काढलेल्या वजनाचं बिल लावते (एकदा काट्यावर बोलावल्यावर तिने फार वाद घातला नाही). पार्टी पॅकेजमध्ये काय काय जाणार ते मशीनमध्ये आधी भरलं जातं. आणि एनसीचं पुस्तक कोरं राहिलेलं नाही. त्यात परवा एक नोंद पाहिली, उस्तादांच्या अक्षरात : 'टिक्का एक प्लेट, मालिक के दोस्त, फ्री.'

ताज्या आठवड्यात पनीर लागायला हवं होतं ५८ किलो. स्टाफची भुर्जी वगळून लागलं ५९ किलो १०० ग्रॅम. दोन टक्क्यांच्या आत. दादा तो आकडा दाखवत होता तेव्हा मामा मागून म्हणाले, "अकराशे ग्रॅम राहिलेच की अजून. ते कुठे गेले?"

प्रश्न काढायला मामा शिकले होते. आता पुढच्या रविवारी काटा त्यांच्याच हातात असणार आहे.